टायरच्या फोटोवरून साईज ओळखणे आणि चाकाचा पूर्ण व्यास काढणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात टायरच्या धंद्यात असलेल्या माणसाच्या फोनवर दिवसभर टायरचे फोटो येतात. मोहोळहून, अक्कलकोटहून, मंगळवेढ्याहून. खाली एकच ओळ असते: "हा साईज आहे का?" फोटो नीट असेल तर उत्तर मिनिटभरात देता येतं. पण अर्धे फोटो असे असतात की एक आकडा चिखलात असतो आणि दुसरा उन्हाच्या चकाकीत. हे पान त्यासाठीच लिहिलं आहे. आकडे कसे वाचायचे, पुसट आकडा कसा ओळखायचा आणि त्यातून चाकाचा व्यास मिलिमीटरमध्ये कसा काढायचा, हे सगळं एकाच चाकाच्या उदाहरणाने सांगतो. ते चाक एका साध्या हॅचबॅक गाडीचं आहे आणि टायरवर असं लिहिलं आहे:

```
185/65 R15 88H
```

टायरवर इतके आकडे असतात. त्यातला साईज कोणता?

ज्या ओळीत तिरकी रेघ आहे, ती ओळ साईजची. आधी तीन आकडी संख्या, मग तिरकी रेघ, मग दोन आकडी संख्या, मग आर हे अक्षर आणि शेवटी रिमचा आकडा. ही ओळ बहुतेक वेळा कंपनीच्या नावाजवळ ठळक अक्षरांत असते.

बाकीचे आकडे वेगळ्या कामाचे असतात आणि घोटाळा तिथेच होतो. डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, उदाहरणार्थ `2319`. ती टायर बनल्याची वेळ आहे, म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. आयएसआयच्या खुणेजवळ `IS 15633` दिसतं, तो कारच्या टायरच्या भारतीय मानकाचा क्रमांक आहे. "माझा साईज १५६३३ आहे" असं सांगणारे लोक खरोखर भेटतात, आणि त्यात त्यांची चूक नाही, कारण काही टायरवर तो क्रमांक चांगला मोठा उठावदार असतो. जास्तीत जास्त वजन आणि हवेचा दाब यांचे आकडेही बारीक अक्षरांत असतात. व्यास काढताना या कशाचाही उपयोग नाही.

मग 185/65 R15 88H यातल्या प्रत्येक आकड्याचा अर्थ काय?

१८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. हवा भरलेला टायर एका बाजूच्या फुगवट्यापासून दुसऱ्या बाजूच्या फुगवट्यापर्यंत जितका रुंद, तितकी. रस्त्याला टेकणारा पट्टा याहून अरुंद असतो, त्यामुळे नक्षीवर टेप लावून हा आकडा जुळवू नका.

६५ हा टक्का आहे. रिमच्या काठापासून नक्षीपर्यंत रबराची जी उंची असते, ती रुंदीच्या ६५ टक्के. पुष्कळ जण ६५ म्हणजे ६५ मिलिमीटर समजतात आणि तिथून पुढचं सगळं गणित बिघडतं.

आर म्हणजे रेडियल बांधणी. १५ हा रिमचा व्यास, आणि तो इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्का आणि इंच अशी तीन वेगळी मापं बसलेली आहेत, म्हणून गणित करताना आधी सगळं मिलिमीटरमध्ये आणावं लागतं.

८८ हा वजनाचा सांकेतिक आकडा, म्हणजे एका टायरला ५६० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. व्यासाच्या गणितात हे दोन्ही येत नाहीत, पण ८८ पुढे आपल्याला एका अडलेल्या फोटोतून सोडवणार आहे, तो लक्षात ठेवा.

व्यास काढायचा कसा?

```
व्यास = रिम × 25.4 + 2 × रुंदी × टक्का / 100
```

आपल्या चाकासाठी: रिम १५ इंच, गुणिले २५.४, म्हणजे ३८१ मिलिमीटर. रबराची उंची १८५ चे ६५ टक्के, म्हणजे १२०.२५. ती दोनदा घेतली की २४०.५. बेरीज ६२१.५ मिलिमीटर. हाच चाकाचा पूर्ण व्यास.

उंची दोनदा घ्यायची, कारण व्यास मोजताना रेघ रिमच्या वरच्या रबरातूनही जाते आणि खालच्या रबरातूनही. एकदाच घेतली तर उत्तर ५०१ च्या आसपास येतं. कारच्या १५ इंची चाकाचं उत्तर पाचशेच्या घरात आलं की समजायचं, दोनने गुणायचं राहिलं.

मी रिम टेपने मोजली तर सोळा इंचाच्या वर भरली. टायरवर १५ कसं?

तुम्ही मोजलेला काठ तो नव्हे. १५ इंच हे टायरची कड रिमच्या आत जिथे बसते त्या जागेचं माप आहे. बाहेरून दिसणारा रिमचा ओठ त्याहून प्रत्येक बाजूला सुमारे साडेसतरा मिलिमीटर वर येतो. म्हणजे दिसणारा व्यास ३८१ अधिक ३५, साधारण ४१६ मिलिमीटर, जवळपास १६.४ इंच. तुमची टेप बरोबर आहे आणि टायरवरचा आकडाही बरोबर आहे. सूत्रात मात्र टायरवरचाच आकडा घाला. हे ४१६ पुढे फोटोत कामी येणार आहे.

आकडे स्वच्छ वाचता येतील असा फोटो कसा काढायचा?

आधी एक गोष्ट समजून घ्या. टायरवरचे आकडे रंगवलेले नसतात, रबरातच उठावाने घडवलेले असतात. काळ्यावर काळं. ते दिसतात फक्त त्यांच्या सावलीमुळे. समोरून फ्लॅश मारला की सावली पडतच नाही आणि आकडा रबरात विरून जातो. म्हणून फ्लॅश बंद करा आणि दुसऱ्या फोनची बॅटरी टायरला जवळपास चिकटवून एका बाजूने धरा. उजेड तिरका पडला की आकड्यांच्या कडा उभ्या राहतात.

सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात भर दुपारी फोटो काढू नका. ऊन डोक्यावरून येतं, मडगार्डची सावली चाकाच्या वरच्या भागावर पडते आणि खालचा भाग चमकतो. एकाच फोटोत अर्धं काळं आणि अर्धं पांढरं मिळतं. सकाळी आठच्या आधीचं किंवा संध्याकाळचं तिरकं ऊन मात्र बॅटरीइतकंच चांगलं काम करतं.

टायर ओल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मग शाळेतल्या पांढऱ्या खडूची बाजू आकड्यांवरून आडवी फिरवा. खडू फक्त उठावाला लागतो. टायरला चमक आणणारं पॉलिश मारलेलं असेल तर खडू धरत नाही, तेव्हा आधी साबणाच्या पाण्याने धुवा.

फोन आकड्यांच्या अगदी समोर धरा. वरून वाकून काढलेल्या फोटोत आकडे चेपतात आणि ६ व ८ सारखेच दिसू लागतात. एक फोटो आकड्यांचा जवळून आणि एक पूर्ण चाकाचा तीन-चार मीटरवरून झूम करून, असे दोन काढा. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, कारण फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक कडा पुसल्या जातात. सेल्फी कॅमेऱ्याने काढू नका, काही फोनमध्ये तो आकडे उलटे करतो.

आकडे चाकाच्या खालच्या बाजूला असतील तर ते उलटे दिसतात. तेव्हा फोटो फिरवून वाचा. उलटा ६ हा ९ दिसतो आणि उलटा ९ हा ६.

एक आकडा चिखलाने झाकला आहे आणि गाडी आता समोर नाही. काय करायचं?

अशा फोटोत बरंच काही शिल्लक असतं. आपलंच उदाहरण घेऊ. समजा फोटोत असं दिसतंय:

```
185/?5 R15 88H
```

टक्क्याचा पहिला आकडा गेला आहे, दुसरा ५ स्वच्छ आहे.

पहिली गाळणी साईजच्या रीतीची. कारच्या टायरची रुंदी जवळपास नेहमी ५ वर संपते: १५५, १६५, १७५, १८५, १९५. टक्का पाचाच्या पटीत असतो: ५५, ६०, ६५, ७०, ८०. म्हणून कुणी १८६ किंवा ६३ वाचलं तर ते वाचन चुकलंच. आपल्या फोटोत शेवटी ५ दिसतोय म्हणजे ६० आणि ७० आपोआप बाद झाले. उरले ५५, ६५, ७५, ८५. शेवटचे दोन १८५ रुंदीच्या आणि १५ रिमच्या हॅचबॅकवर बसण्यासारखे नाहीत. ८५ धरून बघा: ३८१ अधिक ३१४.५, म्हणजे ६९५.५ मिलिमीटर. एवढं चाक अशा गाडीच्या मडगार्डमध्ये मावणारच नाही. म्हणून वाद फक्त ५५ आणि ६५ चा.

दुसरी गाळणी वजनाच्या आकड्याची. १८५ रुंदी आणि १५ रिम तीच राहिली, तरी टक्का बदलला की टायरच्या आतल्या हवेची जागा बदलते आणि त्याबरोबर वजन पेलण्याची ताकदही. `185/65 R15` चा नेहमीचा आकडा ८८ असतो, म्हणजे ५६० किलो. `185/55 R15` चा ८२, म्हणजे ४७५ किलो. आपल्या फोटोत ८८ स्वच्छ दिसतो, म्हणून पारडं ६५ कडे झुकतं. जास्त ताकदीच्या टायरवर, म्हणजे एक्सएल लिहिलेल्या टायरवर, हा आकडा नेहमीपेक्षा मोठा असतो. त्यामुळे एवढ्यावरच थांबायचं नाही.

तिसरी गाळणी पूर्ण चाकाच्या फोटोची, आणि मला सगळ्यात भरवशाची वाटते ती हीच. फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठा करा आणि पट्टी लावा. चाकाच्या मध्यातून आडवी रेघ धरून टायर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजा, मग त्याच रेघेवर रिमच्या ओठापासून ओठापर्यंत मोजा. उभं मोजू नका, कारण गाडीच्या वजनाने टायर खालून दबलेला असतो आणि वरून मडगार्ड झाकतं.

समजा पडद्यावर टायर १८६ मिलिमीटर भरला आणि रिम १२६. १२६ भागिले १८६, उत्तर ०.६८. आता गणिताने काय यायला हवं ते बघू. टक्का ६५ असेल तर ४१६ भागिले ६२१.५, म्हणजे ०.६७. टक्का ५५ असेल तर व्यास ५८४.५, आणि ४१६ भागिले ५८४.५ म्हणजे ०.७१. आपलं ०.६८ हे ६५ च्या बाजूचं आहे. ते किंचित जास्त येण्याचं कारण असं की रिमचा ओठ टायरच्या मधल्या नक्षीपेक्षा कॅमेऱ्याच्या थोडा जवळ असतो, म्हणून तो जरा मोठा दिसतो. फोटो जितका जवळून काढलेला, तितकी ही फसवणूक जास्त. एका मीटरवरून काढलेल्या फोटोवर ही गाळणी लावूच नका.

या पद्धतीने ५५ आणि ६५ वेगळे ओळखता येतात, ६० आणि ६५ नाही. त्यांच्या गुणोत्तरात फक्त ०.०२ चा फरक आहे आणि तेवढी चूक कॅमेराच करतो. चाकावर प्लास्टिकची व्हील कॅप असेल तर रिमचा खरा ओठ कॅपच्या बाहेर असतो, कॅपची कड मोजली की उत्तर लहान येतं.

तिन्ही गाळण्यांतून ६५ आलं तर व्यास ६२१.५ धरायला हरकत नाही. तरी टायर विकत घेण्याआधी गाडीच्या मालकाला ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा हवेच्या दाबाचा स्टिकर बघायला सांगा. बहुतेक गाड्यांत त्यावर साईज छापलेला असतो. टायर बदलून वेगळ्या साईजचा टाकलेला असेल तर स्टिकर आणि टायर जुळणार नाहीत, आणि ते कळणंही गरजेचं आहे.

स्टेपनीवर 165/80 R14 लिहिलंय आणि चाकांवर 185/65 R15. दुकानदाराने चुकीची दिली का?

बहुधा नाही. गणित करून बघा. १४ गुणिले २५.४ म्हणजे ३५५.६. १६५ चे ८० टक्के १३२, दोनदा २६४. बेरीज ६१९.६ मिलिमीटर. आपल्या चाकाचा व्यास ६२१.५. फरक १.९ मिलिमीटर, म्हणजे ०.३ टक्के. झिजलेल्या आणि नव्या टायरमध्ये याहून कितीतरी जास्त फरक असतो. रिम एक इंचाने लहान आहे, पण वरचं-खालचं रबर मिळून जवळपास तेवढ्यानेच जास्त उंच आहे, म्हणून बाहेरचा घेर जवळपास तोच राहतो. काही हॅचबॅक गाड्यांच्या वरच्या मॉडेलमध्ये कंपनीच अशी जोडी देते.

तरी ती स्टेपनीच आहे. रुंदी २० मिलिमीटर कमी, त्यामुळे ब्रेक आणि वळणावर दोन बाजू सारख्या वागत नाहीत. तुळजापूर रोडवर पंक्चर झालं तर ती लावून सोलापुरात या, पंक्चर काढा आणि मूळ चाक परत बसवा.

मी टेपने मोजलं तर ६२१ येतच नाही. कमी येतं. सूत्र चुकीचं आहे का?

सूत्र नव्या, हवा भरलेल्या आणि वजन नसलेल्या टायरचं आहे. तुमचा टायर त्या तिन्हीपैकी एखाद्या बाबतीत वेगळा असतो.

झीज बघा. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि १.६ मिलिमीटर उरली की टायर बदलायलाच हवा. नक्षीच्या खोबणीत त्यासाठी उंचवटे दिलेले असतात. म्हणजे पूर्ण झिजेपर्यंत एका बाजूने ६.४ आणि दोन्ही बाजूंनी १२.८ मिलिमीटर जातात. ६२१.५ चे ६०८.७ होतात, दोन टक्के कमी.

वजन बघा. उभ्या गाडीत जमिनीपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर हे व्यासाच्या अर्ध्याहून, म्हणजे ३१०.७५ हून, साधारण २५ ते ३० मिलिमीटरने कमी भरतं. ते दुप्पट करून व्यास काढला की पन्नास-साठ मिलिमीटर गायब होतात. ही चूक मी फार वेळा होताना बघतो.

बरोबर मोजायचं असेल तर स्टेपनी घालताना काढतो तसं चाक गाडीतून काढा, हवा पूर्ण भरा, नक्षीच्या मधोमध शिंप्याची कापडी टेप गुंडाळा आणि आलेला घेर ३.१४१६ ने भागा. १९५३ मिलिमीटर घेर आला तर व्यास ६२१.७. दोन कंपन्यांच्या एकाच साईजच्या नव्या टायरमध्येही काही मिलिमीटरचा फरक असतो, त्यामुळे दशांशापर्यंत जुळण्याची अपेक्षा ठेवू नका.

सोलापूरच्या उन्हाळ्यात टायर फुगून व्यास वाढतो का?

हवेचा दाब वाढतो, दर साडेपाच-सहा अंशांना साधारण १ पीएसआय. व्यास मात्र जवळपास तोच राहतो, कारण रेडियल टायरच्या नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात आणि ते घेर वाढू देत नाहीत. दाब सकाळी, टायर गार असताना तपासा. व्यासाच्या गणितात उन्हाळा आणायची गरज नाही.

दुचाकी, टेम्पो, ट्रक, ट्रॅक्टरला हेच सूत्र चालतं का?

तिरकी रेघ आणि टक्का असेल तर चालतं. स्कूटरचा `90/90-12` घ्या: ८१ दोनदा १६२, अधिक ३०४.८, म्हणजे ४६६.८ मिलिमीटर. इथे आर नसून आडवी रेघ आहे, म्हणजे बांधणी रेडियल नाही, पण व्यासाचं गणित तेच. ट्रकच्या `295/80 R22.5` चा व्यास ५७१.५ अधिक ४७२, म्हणजे १०४३.५. फोटोत २२.५ मधला टिंब धुळीत हरवतो आणि लोक २२५ वाचतात, तेवढं सांभाळा.

छोट्या टेम्पोवर `145 R12 LT` असं लिहिलेलं असतं, टक्का नसतोच. अशा जुन्या पद्धतीच्या टायरला ८२ टक्के धरतात. ११८.९ दोनदा २३७.८, अधिक ३०४.८, सुमारे ५४३ मिलिमीटर.

उसाच्या ट्रॅक्टरचे `13.6-28` किंवा जुन्या ट्रकचे `10.00-20` यांना हे सूत्र लावू नका. तिथे पहिला आकडा इंचातली रुंदी आहे आणि उंचीचा टक्का कुठेच दिलेला नाही. कंपनीच्या तक्त्यात बघा किंवा टेप गुंडाळा.

185/65 च्या जागी 195/65 R15 टाकला तर मीटरवर काय होईल?

रुंदी वाढली की उंचीही वाढते, कारण उंची रुंदीच्या टक्क्यात आहे. हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. १९५ चे ६५ टक्के १२६.७५, दोनदा २५३.५, अधिक ३८१, म्हणजे ६३४.५ मिलिमीटर. मूळ व्यासापेक्षा १३ मिलिमीटर, म्हणजे २.१ टक्के जास्त.

चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, पण मीटर फेरेच मोजतो. म्हणून मूळ टायरवर जो मीटर अचूक असेल, तो आता ८० दाखवेल तेव्हा गाडी ८१.७ ने पळत असेल. सोलापूर ते पुणे २५० किलोमीटर धरलं तर मीटरवर २४५ च दिसतील, आणि त्यावरून काढलेलं ॲव्हरेज खऱ्यापेक्षा कमी येईल. मडगार्डची जागाही आधी तपासा. स्टिअरिंग पूर्ण वळवून, मागे चार माणसं बसवून बघा, कारण टायर घासतो तो त्याच वेळी.